मेल कोणाला, प्रत कोणाला? टू, सीसी, बीसीसी आणि नाजूक मजकूर

ईमेलमध्ये पत्त्यांसाठी तीन रकाने असतात : टू, सीसी आणि बीसीसी. ज्याने मेल वाचून काही करायचे आहे त्याचा पत्ता टूमध्ये, ज्याला ती गोष्ट नुसती माहीत असायला हवी त्याचा सीसीमध्ये आणि ज्याचा पत्ता इतरांना दिसू नये त्याचा बीसीसीमध्ये लिहायचा. ईमेलच्या रचनेचे जे तांत्रिक मानक २००८ साली प्रसिद्ध झाले, त्या आरएफसी ५३२२ मध्येही या रकान्यांचा अर्थ साधारण असाच दिला आहे. कामकाजाच्या साध्या मेलमध्ये एखादा पत्ता इकडचा तिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही. मेल नाजूक असेल, म्हणजे त्यात तक्रार, पैशांची मागणी, आजारपण किंवा कोणाची चूक असेल, तर मात्र मजकुराइतकाच रकान्यांनाही अर्थ येतो. एकच वाक्य एकट्याने वाचले तर विनंती वाटते आणि तिसऱ्याच्या देखत वाचले तर आरोप वाटतो. म्हणून मजकुराचा सूर ठरवण्याआधी वाचणारे कोण, हे ठरवावे लागते.

हे समजून घेण्यासाठी शहरातल्या बहुतेक इमारतींत कधी ना कधी उद्भवणारे एक प्रकरण घेऊ. समजा, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट ३०२ च्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. प्लास्टर फुगले आहे, पोपडे पडू लागले आहेत. वरच्या फ्लॅट ४०२ चे मालक निवृत्त आहेत आणि दुसऱ्या शहरात मुलाकडे राहतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. ३०२ मधल्या बाईंची आणि मालकांची जुनी ओळख आहे, त्या त्यांना काका म्हणतात. मेल लिहायचा आहे आणि संभाव्य वाचक चार आहेत : मालक, भाडेकरू, संस्थेचे सचिव आणि बाईंचा वकील असलेला मावसभाऊ.

टूमध्ये कोण, हे गळतीचे कारण ठरवते

पहिला प्रश्न असा की, काम नेमके कोणी करायचे आहे? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीची आणि बाथरूमची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधली गळती ही जबाबदारी संस्थेची. म्हणजे पाणी कुठून येते हे कळल्याशिवाय टूचा रकाना भरता येत नाही. कारण पावसाचे असेल तर मेल सचिवांना जायला हवा आणि वरच्या नहाणी ट्रॅपचे असेल तर मालकांना.

आपल्या उदाहरणात ओल मार्चपासून आहे, म्हणजे पावसाच्या आधीपासून. भाडेकरू चार दिवस गावाला गेले होते तेव्हा थेंब थांबले आणि ते परतल्यावर पुन्हा सुरू झाले. यावरून पाणी वरच्या बाथरूमच्या वापराचे आहे, असा अंदाज बांधता येतो. तेव्हा टूमध्ये मालक. फक्त मालक.

सचिवांना आत्ताच सीसीमध्ये घ्यावे, असे अनेकांना वाटते. “नंतर मला कोणी सांगितलेच नाही असे नको,” हे त्यामागचे कारण. पण पहिल्याच मेलमध्ये सचिव दिसले की मालकांच्या मनात येणार, “हिने आधी मला का नाही विचारले?” आणि मग उत्तर गळतीचे न येता त्या सीसीचे येते. पहिला मेल एकट्याला पाठवल्याने पुरावाही कमी होत नाही. पाठवल्याची तारीख मेलवर असतेच आणि गरज पडली तर तो पुढे दाखवता येतो.

भाडेकरूंचे काय? प्लंबर येईल तेव्हा दार त्यांनाच उघडायचे आहे, म्हणून त्यांना सीसी करावे असे वाटू शकते. पण मेलमध्ये दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, हा विषय येणार. तो मालक आणि शेजारी यांच्यातला आहे. भाडेकरूंनी तो वाचला की घरमालक-भाडेकरू या नात्यात बाहेरचा माणूस शिरतो. त्यांना वेगळी दोन ओळींची चिठ्ठी पुरते : “रविवारी सकाळी प्लंबर येऊन बाथरूम पाहू शकेल का? काकांशी मी बोलते आहे.” एकाच विषयावर दोन वेगळे मेल लिहिणे हे अनेकदा एका मोठ्या सीसी-यादीपेक्षा कमी कष्टाचे ठरते, कारण प्रत्येक वाचकाला फक्त त्याच्या वाट्याचा मजकूर जातो.

२ जूनचा पहिला मेल असा लिहिता येईल :

“नमस्कार काका, तुम्ही आणि काकू बरे असाल. आमच्या बाथरूमच्या छताला मार्चपासून ओल आहे, फोटो जोडले आहेत. तुमच्याकडचे भाडेकरू गावाला गेले होते तेव्हा पाणी थांबले होते, त्यामुळे वरच्या बाथरूममधून येत असावे असे वाटते. एकदा प्लंबरला दाखवून घ्यायचे का? माझ्या ओळखीचा प्लंबर आहे, तुम्हाला चालत असेल तर त्याला बोलावते. खर्चाचे तो पाहून गेल्यावर बोलू.”

या मजकुरात काही गोष्टी केवळ एकाच वाचकामुळे शक्य झाल्या आहेत. ‘काका’ आणि ‘तुम्ही’ हे संबोधन, काकूंची विचारपूस आणि “असे वाटते” हा सैल शब्दप्रयोग. खर्चाचा विषय पुढे ढकलला आहे, कारण समोरच्याला अडचणीत न टाकता होकार मिळवायचा आहे.

सीसीमध्ये तिसरा आला की

मालकांचे ४ जूनला उत्तर येते. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली आहे, धावपळ चालू आहे, प्लंबरला बोलवा, असे ते लिहितात. प्लंबर येतो. त्याच्या मते नहाणी ट्रॅप आणि डक्टमधला उभा पाइप यांच्या सांध्यातून पाणी जाते. दुरुस्तीला डक्टमध्ये उतरावे लागेल, त्या लाइनचे पाणी अर्धा दिवस बंद ठेवावे लागेल. यासाठी संस्थेची परवानगी लागते. आता सचिवांना या प्रकरणात खरे काम आहे, म्हणून त्यांना मेलमध्ये घेण्याचे कारणही खरे आहे.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक अशी की, जुन्याच मेलला ‘रिप्लाय’ करून सचिवांचा पत्ता सीसीमध्ये टाकला जातो. त्याबरोबर खाली साठलेला सगळा जुना संवाद सचिवांकडे जातो आणि त्यात मालकांच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेखही असतो. मालकांनी ती गोष्ट एकट्या शेजारणीला सांगितली होती. म्हणून तिसरा माणूस आत येताना नवा मेल सुरू करायचा, विषयाची ओळ नवी लिहायची आणि आधीच्या संवादाचा फक्त कामापुरता सारांश द्यायचा. सारांशात “घरगुती अडचणीमुळे” एवढेही लिहू नये. “काकांनी ४ जूनला प्लंबरला दाखवायला संमती दिली” एवढे पुरते.

१६ जूनचा दुसरा मेल, टूमध्ये मालक आणि सीसीमध्ये सचिव, असा होईल :

“नमस्कार. आपल्या संमतीने १२ जूनला प्लंबरने फ्लॅट ४०२ चे बाथरूम पाहिले. नहाणी ट्रॅप आणि उभा पाइप यांच्या सांध्यातून गळती असल्याचे त्याचे मत आहे. दुरुस्तीचा अंदाजे खर्च त्याने १८,००० रुपये सांगितला आहे, त्याचा कागद सोबत आहे. दुरुस्ती करायची का आणि केव्हा, हे आपण २५ जूनपर्यंत कळवावे. डक्टमध्ये काम करण्यासाठी आणि पाणी बंद ठेवण्यासाठी संस्थेची परवानगी लागेल, म्हणून सचिवांना प्रत पाठवत आहे. दिवस ठरला की त्यांना तसे कळवता येईल.”

दोन्ही मेलमधला फरक पाहण्यासारखा आहे. ‘काका’ गेले आणि ‘तुम्ही’चे ‘आपण’ झाले. मराठीत हा बदल फार बोलका असतो. सचिवांसमोर ‘काका’ म्हणत पैशाची गोष्ट काढली की एकतर ती लाडीगोडी वाटते किंवा टोमणा. उलट एकट्याने बोलताना अचानक ‘आपण’ सुरू केले तर नात्यात गारठा आला असे समोरच्याला वाटते. म्हणून ‘आपण’ वापरायचे तर त्याचे कारण समोर दिसले पाहिजे आणि सीसीतले नाव हे ते कारण आहे. ज्यांना नाते तोडायचे नसते ते मेल पाठवण्याआधी फोन करतात : “काका, संस्थेला कळवावे लागणार आहे, म्हणून जरा औपचारिक लिहिते आहे.”

दुसरा फरक वस्तुस्थितीच्या भाषेत आहे. “वाटते”ऐवजी प्लंबरचे मत, तारीख आणि कागद आले. सचिवांना आधीचे काही माहीत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्यांना स्वतंत्रपणे समजले पाहिजे. तसेच त्यातून मालकांविषयी कोणतेही अनुमान त्यांच्या मनात तयार होता कामा नये. “बरेच दिवस झाले तरी दुरुस्ती झालेली नाही” हे वाक्य मालकांनी एकट्याने वाचले तर आठवण, सचिवांनी वाचले तर दोषारोप. ते काढून फक्त घटना आणि तारखा ठेवल्या की विलंब किती झाला हे ज्याचे त्याला दिसते, पण लिहिणाऱ्याने कोणाकडे बोट दाखवलेले नसते.

तिसरा आणि सर्वांत उपयोगी फरक म्हणजे सीसी का, हे मेलमध्येच सांगितले आहे. कारण न देता केलेला सीसी वाचणारा स्वतःच्या मनाने अर्थ लावतो आणि तो अर्थ बहुधा “माझी तक्रार केली” असा असतो. हेच ऑफिसात होते. सहकाऱ्याला फाइल मागताना त्याच्या वरिष्ठाला सीसी केले की मजकूर कितीही गोड असो, सहकारी आधी तो पत्ता वाचतो. “शुक्रवारच्या बैठकीचे वेळापत्रक मॅडम ठरवत आहेत, म्हणून त्यांना प्रत” असे एक वाक्य असले तर तोच सीसी सोसवतो. असे वाक्य सुचतच नसेल तर बहुधा त्या सीसीमागे काम नसते, फक्त दबाव असतो. दबाव आणायचाच असेल तर तो उघडपणे, वेगळ्या मेलने, नेमकी मागणी करून आणावा.

सीसीतल्या माणसाकडून काही हवे असेल तर तो सीसीतला माणूस राहत नाही. सीसीमध्ये नाव टाकून मजकुरात “सचिवांनी कृपया परवानगी द्यावी” असे लिहिले तर ती विनंती बहुतेक वेळा बाजूला पडते. सीसी आलेला मेल “माहितीसाठी” म्हणून वाचून सोडून देण्याची लोकांना सवय असते. दोघांकडून काम हवे असेल तर दोघेही टूमध्ये आणि मजकुरात कोणी काय करायचे हे नावानिशी वेगवेगळ्या ओळीत. टूमध्ये पाच जण आणि मागणी मोघम असली की पाचही जण दुसरा कोणीतरी करील असे समजतात.

मालकांनी उत्तर देताना सचिवांचा पत्ता काढून फक्त बाईंनाच लिहिले, तर तीही एक खूण असते. त्यांना ही गोष्ट खासगीत बोलायची आहे. तेव्हा ते उत्तर जसेच्या तसे पुन्हा सचिवांना जोडून पाठवणे म्हणजे विश्वास मोडणे. त्यांनाच लिहावे : “तारीख सचिवांना कळवायला हवी. तेवढेच त्यांना कळवू का?” परवानगी मिळाली की फक्त तारीख पुढे जाते.

टू आणि सीसीची अदलाबदल

२५ जून उलटते, उत्तर येत नाही. एक फोन लागत नाही, दुसरा उचलला जात नाही. छताचे प्लास्टर खाली पडू लागते. आता काम संस्थेने करायचे आहे : पाहणी करायची आणि सभासदाला पत्र द्यायचे. म्हणून ५ जुलैच्या तिसऱ्या मेलमध्ये टूमध्ये सचिव आणि सीसीमध्ये मालक येतात.

हा मेल लिहायला सर्वांत अवघड, कारण ज्याच्याविषयी लिहायचे तो स्वतः तो वाचणार आहे आणि तेही तृतीय पुरुषात. मालकांना सीसीतून वगळले तर लिहिणे सोपे होते, पण मग मजकूर नकळत कडक होतो, आणि सचिव तो मेल पुढे पाठवणारच. पाठीमागे लिहिलेले समोर येते तेव्हा ते दुप्पट बोचते. मालकांना सीसीमध्ये ठेवणे हा लिहिणाऱ्यावरचाच लगाम असतो. त्यांच्या तोंडावर म्हणता येणार नाही असे वाक्य अशा मेलमध्ये आपोआप उरत नाही.

“माननीय सचिव, फ्लॅट ३०२ च्या बाथरूममधील गळतीबाबत संस्थेने पाहणी करावी, ही विनंती. १२ जूनच्या प्लंबरच्या पाहणीनुसार गळती फ्लॅट ४०२ च्या नहाणी ट्रॅपजवळ आहे. फ्लॅटच्या मालकांना २ आणि १६ जूनला मेल पाठवले. ४ जूनला त्यांनी पाहणीस संमती दिली. १६ जूनच्या मेलला उत्तर मिळालेले नाही. १ जुलैपासून प्लास्टरचे तुकडे पडत आहेत, फोटो जोडले आहेत. उपविधींनुसार संस्थेने पाहणी करून सभासदाला दुरुस्तीविषयी लेखी कळवावे. मालकांना प्रत पाठवली आहे.”

“उत्तर मिळालेले नाही” आणि “ते उत्तर देत नाहीत” यांत फरक आहे. पहिले लिहिणाऱ्याच्या माहितीतले आहे, दुसरे मालकांच्या हेतूविषयी आहे. ते रुग्णालयात असू शकतात, मेल स्पॅममध्ये गेलेला असू शकतो. तृतीय पुरुषात लिहिताना हेतू सांगणारी क्रियापदे टाळायची : टाळतात, दुर्लक्ष करतात, नकार देतात. त्यांच्या जागी घडलेले किंवा न घडलेले तारखेसह सांगायचे. विषयाची ओळही तशीच हवी. “४०२ कडून होणारा त्रास” ही ओळ सचिवांच्या फोनवर सूचना म्हणून झळकेल आणि शेजारी बसलेल्यालाही दिसेल. “फ्लॅट ३०२ : गळतीची पाहणी करण्याबाबत” यात कोणी दोषी नाही.

काही तक्रारींत मात्र ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला किंवा इतर कोणाला सीसी करणे पूर्णपणे चूक असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार अंतर्गत समितीकडे करायची असते. ती समितीलाच, फक्त टूमध्ये जावी. दुसऱ्या पक्षाला प्रत देण्याचे काम समितीचे. कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर आणि तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. “साक्षीदार व्हावेत” म्हणून चार सहकाऱ्यांना सीसी केला तर ज्यांनी गुप्तता पाळायची त्या वर्तुळाबाहेर हा मजकूर जातो आणि तक्रार करणारीचेच नुकसान होऊ शकते.

बीसीसी : अदृश्य वाचक

मावसभाऊ अजून उरला आहे. त्याला बीसीसीमध्ये ठेवले तर मालकांना आणि सचिवांना तो दिसणार नाही. हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. मेल पाठवताना पाठवणारा सर्व्हर पत्ते दोनदा सांगतो : एकदा पाकिटावर, म्हणजे मेल कोणाला पोहोचवायचा यासाठी आणि एकदा पत्राच्या आत, म्हणजे वाचणाऱ्याला दिसण्यासाठी. बीसीसीचा पत्ता पाकिटावर असतो, पत्रात नसतो.

```
RCPT TO:<malak@example.org>
RCPT TO:<sachiv@example.org>
RCPT TO:<bhau@example.org>
DATA
To: sachiv@example.org
Cc: malak@example.org
```

इथे तीन पत्त्यांवर मेल जातो, पण पत्रात दोनच दिसतात. अडचण पुढे आहे. भावाच्या इनबॉक्समध्ये तो मेल इतर मेलसारखाच दिसतो. घाईत त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबले तर त्याचे उत्तर सचिव आणि मालक दोघांनाही जाईल. त्यात “नोटीस पाठवून टाक” असे लिहिले असेल तर जून महिन्यापासून जपलेला सगळा सूर एका ओळीने बिघडतो. आरएफसी ५३२२ च्या सुरक्षेविषयीच्या भागातही बीसीसीतल्या वाचकाने सर्वांना उत्तर दिल्यास त्याचे गुपित फुटते, असा इशारा आहे.

म्हणून नाजूक मेलमध्ये गुपचूप वाचक ठेवण्यासाठी बीसीसी वापरू नये. भावाला दाखवायचेच असेल तर मेल आधी पाठवावा आणि मग ‘सेंट’मधून तो त्याला फॉरवर्ड करावा. फॉरवर्ड केलेल्या मेलवर त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबले तरी उत्तर फक्त फॉरवर्ड करणारीकडेच येते. शिवाय फॉरवर्डवर स्वतःची एक ओळ लिहिता येते : “हे फक्त तुझ्या माहितीसाठी, यात अजून वकील आणायचा नाही.” बीसीसीमध्ये अशी वेगळी ओळ लिहिता येत नाही, कारण मजकूर सगळ्यांना एकच जातो.

गुपचूप बीसीसीचा शब्दांवरही परिणाम होतो. अदृश्य प्रेक्षक असला की लिहिणारा नकळत त्याच्यासाठी लिहू लागतो. ज्या गोष्टी मालकांना आधीच ठाऊक आहेत त्या पुन्हा सविस्तर येतात, “आपणास माहीतच आहे की” अशी वाक्ये वाढतात, सूर कोर्टातल्या अर्जासारखा होतो. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण हे आपल्यासाठी लिहिलेले नाही, हे जाणवते.

बीसीसीचा एक उघड आणि चांगला उपयोगही आहे. एखाद्याने दोघांची ओळख करून दिली, आता पुढचा संवाद त्या दोघांचा आहे आणि मध्यस्थाचा इनबॉक्स भरू नये. तेव्हा पहिल्याच ओळीत “ओळख करून दिल्याबद्दल धन्यवाद, आता आपल्याला बीसीसीमध्ये ठेवते, म्हणजे पुढचे मेल आपल्याला येणार नाहीत” असे सांगून त्याला तिकडे नेतात. इथे बीसीसी आहे, पण लपवलेले काहीच नाही.

यादी हेच गुपित असते तेव्हा

आता हाच प्रश्न सचिवांच्या बाजूने पाहू. त्यांना मेन्टेनन्स थकवणाऱ्या अकरा सभासदांना आठवण द्यायची आहे. अकरा पत्ते टूमध्ये टाकले तर प्रत्येकाला उरलेले दहा जण दिसतात. मजकूर कितीही सौम्य असला तरी पत्त्यांची यादी हीच बदनामी होते.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे ब्रिटनमधल्या दोन घटनांतून दिसते. लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णांसाठीच्या सेवेचे एक वार्तापत्र पाठवले. पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये पडले. यादीत ७८१ जण होते आणि त्यांतल्या ७३० पत्त्यांवर पूर्ण नाव होते. वार्तापत्रात आक्षेपार्ह असे काही नव्हते, पण यादीत नाव असणे हीच आरोग्याची माहिती होती. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१६ मध्ये संबंधित रुग्णालय ट्रस्टला १,८०,००० पौंड दंड केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून सुटका हवी असलेल्या २४५ जणांना एकच मेल टूमध्ये पाठवला. त्यांतल्या ५५ जणांचे छायाचित्रही पत्त्याशेजारी दिसत होते. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केले आणि एकाने स्वतःचे ठिकाणही लिहिले. तालिबानच्या हाती ती यादी पडली असती तर जिवावर बेतले असते. या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये ३,५०,००० पौंडांचा दंड झाला. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बीसीसी वापरल्याने सचिवांचा प्रश्न अर्धाच सुटतो. पत्ते लपतात, पण मजकूर सर्वांना सारखाच जाणार असल्याने त्यात कोणाचे नाव, फ्लॅट किंवा रक्कम लिहिता येत नाही. मग “ज्यांची थकबाकी आहे अशा सर्व सभासदांना” अशी सुरुवात होते आणि वाचणाऱ्याला आपण एका यादीत आहोत हे कळतेच. शिवाय एखाद्याने गेल्याच आठवड्यात पैसे भरले असतील तर त्याला आपले नाव अजून यादीत का, असा राग येतो. बीसीसी शोभतो तो सर्वांना सारखाच लागू असलेल्या माहितीला : पाणी बंद राहणार, सभा अमुक तारखेला. तिथेही टूमध्ये संस्थेचाच पत्ता ठेवतात आणि मजकुरात “हा मेल सर्व सभासदांना पाठवला आहे” असे लिहितात.

थकबाकीसारख्या विषयासाठी वेगवेगळे अकरा मेल हाच योग्य मार्ग. मेल-मर्जची सोय वापरली तर तक्त्यातून प्रत्येकाचे नाव आणि रक्कम आपोआप भरली जाते आणि प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचा सल्लाही असाच आहे की, संवेदनशील माहिती असेल तर केवळ बीसीसीवर विसंबू नये. स्वतंत्र मेलमध्ये सूरही मऊ होऊ शकतो : “मार्च ते मे या तीन महिन्यांची रक्कम आमच्या नोंदीत जमा दिसत नाही. आपण भरली असल्यास कृपया पावती पाठवावी.” अकरा जणांना एकदम लिहिताना हे वाक्य लिहिता येत नाही.

पाठवण्याआधी

वाचक कोण, हे आधी ठरवायचे, पण पत्ते शेवटी भरायचे. मजकूर पूर्ण होईपर्यंत रकाने रिकामे ठेवले तर चुकून अर्धवट मेल जात नाही. पत्ता भरताना पहिली दोन अक्षरे टाइप केली की प्रोग्राम स्वतःच नाव सुचवतो आणि एकाच नावाचे दोघे असले की चुकीचा माणूस निवडला जातो. म्हणून नाजूक मेलमध्ये नावाशेजारचा पूर्ण पत्ता वाचून पाहावा. कोणाच्या मेलला उत्तर देत असाल तर खाली साठलेला संवाद शेवटपर्यंत सरकवून पाहावा. त्यात नव्या वाचकाने पाहू नये असे काही असेल तर नवा मेल सुरू करावा.

मग प्रत्येक पत्त्यासाठी मजकूर एकदा त्या माणसाच्या नजरेने वाचावा. टूमधल्याला आपण काय करायचे हे पहिल्या चार ओळींत सापडते का? सीसीमधल्याला आपण इथे का आहोत हे कळते का? ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याने हा मेल उद्या वाचला तर एखादे विधान खोटे किंवा अपमानास्पद ठरेल का? एखाद्या वाचकापाशी वाक्य अडत असेल तर आधी वाक्य बदलून पाहावे. कितीही बदलले तरी अडत असेल तर त्या वाचकाला वेगळा मेल लिहावा.

पाठवल्यावर हाती फार थोडे उरते. जीमेलमध्ये पाठवणे रद्द करण्यासाठी ५ ते ३० सेकंदांची मुदत ठेवता येते, कारण तेवढा वेळ मेल खरोखर पाठवलाच जात नाही. आउटलुकमधली ‘परत घेण्याची’ सोय साधारणपणे एकाच संस्थेच्या मेल-व्यवस्थेत चालते. बाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही. चुकीच्या माणसाला मेल गेलाच तर त्याला फोन करून न वाचता काढून टाकण्याची विनंती करावी आणि ज्याची माहिती बाहेर गेली त्यालाही त्याच दिवशी कळवावे. चूक सुधारणारा मेल लिहिताना टू आणि सीसी पुन्हा तपासावेत, कारण घाईत केलेला खुलासाही ‘रिप्लाय ऑल’ने त्याच चुकीच्या यादीला जातो.